दुखत असतानाही स्ट्रीक चालू ठेवायची? आधी नडगी दाबून बघा

रोज पळणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो: "रोज पळा, एक दिवस पण गॅप नको. रोज पळून हाडं मजबूत होतात, दुखलं तर स्लो पळा पण स्ट्रीक तोडू नका, एकदा तुटली की सवय पण गेली आणि स्टॅमिना पण."

हाडांपासून सुरू करू, कारण फसगत इथेच होते. हाड मजबूत होतं खरं, पण ते पळताना नाही तर नंतर होतं, आणि मधे काही आठवडे असे येतात की हाड आधीपेक्षा कच्चं असतं. लोड वाढला की हाडात अगदी बारीक इजा होतात, मग शरीर आधी तो खराब भाग खरवडून काढतं, त्यात साधारण तीनेक आठवडे जातात, आणि नवीन हाड भरायला मात्र महिने लागतात. म्हणजे रस्ता खोदून ठेवलाय, डांबर पडायचंय आणि ट्रॅफिक चालूच आहे. त्यात दम लवकर वाढतो, हाड मागे राहतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं मस्त चाललंय. आणि रोज जास्त पळून हाड जास्त पक्कं होतं असंही नाही, कारण हाडाच्या पेशी सलग हादऱ्यांना थोड्याच वेळात दाद देईनाशा होतात, परत ताज्या व्हायला त्यांना काही तास लागतात, त्यामुळे पुढच्या किलोमीटरांत फायदा कमी आणि झीज चालूच.

आता स्लो पळायचं. स्पीड कमी केला की प्रत्येक पावलाचा मार थोडा कमी होतो हे मान्य, पण तेवढ्याच अंतराला पावलं जास्त पडतात आणि भरून यायला जो वेळ हवा तो मिळतच नाही. समजा एकजण रोज 3 किमी पळत होता, महिन्याभरात 5 वर गेला, म्हणजे आठवड्याला 21 चे 35 किमी झाले आणि सुट्टी शून्य. चौथ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं, पहिल्या किलोमीटरला जाणवतं मग अंग गरम झालं की जातं. दाबून बघितलं तर चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडेच दुखतंय. हे बहुतेक शिन स्प्लिंट, इथे अंतर निम्मं करून, मधे सुट्ट्या टाकून निभावू शकतं. पण गडी स्ट्रीकसाठी तसाच पळतो. मग दुखणं पळताना जायचं थांबतं, उलट वाढत जातं, घरी आल्यावर पण ठणकतं, रात्री पण, आणि आता एकाच बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबलं की कळ येते. ही हाडाला चीर पडायला लागल्याची खूण असू शकते, त्या दिवशी स्ट्रीक संपली, चर्चा नाही! एक्स-रे क्लीन आला म्हणून सुटलो असं समजू नका, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेत बऱ्याचदा काही दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. लवकर पकडलं तर काही आठवड्यांत सुटका, चीर पडेपर्यंत पळलात तर काही महिने.

जांघेत खोल दुखत असेल तर घरी उड्या मारून वगैरे टेस्ट करू नका, पळणं बंद करून थेट डॉक्टर, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असेल तर ती सरकू शकते आणि मग ऑपरेशन. ताप असेल तरी सुट्टी, व्हायरल इन्फेक्शन कधीकधी हृदयाच्या स्नायूपर्यंत जातं.

स्टॅमिनाची भीती तर फुकटची आहे. चार-पाच दिवसांत मोजण्यासारखं काही जात नाही, दमात खरी घट दिसायला दोनेक आठवडे लागतात.

सवयीच्या मुद्द्यात मात्र दम आहे. आज जायचं की नाही हा रोजचा वाद स्ट्रीकमुळे मिटतो, आणि थोडं पळणंही वाया जात नाही, 2014 च्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला 5-10 मिनिटं हळू पळणाऱ्यांमध्येही मृत्यूचा धोका न पळणाऱ्यांपेक्षा कमी दिसला होता. पण एक दिवस चुकला की सवय मोडते हे काही खरं नाही, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या 2010 च्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर विशेष फरक पडला नव्हता. ब्रिटिश मॅरेथॉनपटू रॉन हिलच्या स्ट्रीकचं उदाहरण सगळे देतात, 1964 पासून 52 वर्षं रोज किमान एक मैल, पण 2017 मध्ये पळताना छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यानेच ती थांबवली, हे सांगायला लोक विसरतात.

स्ट्रीक तोडली की त्याच वेळेला त्याच तयारीने बाहेर पडा, फक्त पळू नका, दुखत नसेल तर सायकल किंवा पोहणं. आधी साधं चालताना अजिबात दुखायला नको, मग अर्धा तास भरभर चालूनही नको, दाबल्यावरही नको, आणि हे सलग काही दिवस टिकलं की मगच एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं असं सुरू करा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा परत दाबून बघायची, दुखली तर एक पायरी मागे.