आधी कुलूप, मग सिम. पुसणं सगळ्यात शेवटी

“फोन चोरीला गेला की लगेच रिमोटने सगळा डेटा उडवायचा ना?”

लगेच नको हो. एकदा पुसला की फोन नकाशावर दिसणं बंद होतं. श्रावणात निमाणीला बसमध्ये चढताना मेव्हण्याचा फोन गेला. माझ्या फोनवरून त्याचं गूगल खातं उघडलं, तर ठिपका पेठ रोडला. आधी लॉक केला, स्क्रीनवर माझा नंबर टाकला. अर्ध्या तासात ठिपका थांबला, म्हणजे फोन बंद केला होता. मग मात्र सिम लगेच ब्लॉक केलं. ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे ओटीपी चोराच्या हातात, तिथे आपलं लॉक काय कामाचं? पुसायचा आदेश त्यानंतर दिला. फोन पुन्हा नेटवर आला की तो लागू होतो.

पोलिसात तक्रार दिली, त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घेतलं. आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तो ब्लॉक करायचा फॉर्म ceir.sancharsaathi.gov.in वर आहे, पण त्याला ओटीपी लागतो आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागतात. आम्ही उगाच रात्रभर ‘पुन्हा पाठवा’ दाबत बसलो! दोन सिमच्या फोनला आयएमईआयही दोन असतात, दोन्ही भरा. खोक्यावर छापलेले असतात. खोकं रद्दीत गेलं असेल तर बिलावर बघा. फोन हातात आहे तोवर *#06# दाबून लिहून ठेवलेले बरे.

फॉर्म भरल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपा. फोन सापडल्यावर अनब्लॉक करायला तोच मागतात.