'दोन्बुराको'ला मराठीत काय म्हणायचं?

ताई योकोहामाला असते. तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा, लायब्ररीतून चित्रांची पुस्तकं आणतो आणि ती वाचायची कुणी तर आजीनेच. मग ताई पानांचे फोटो पाठवते, मी पुण्यात त्याचं मराठी करते (जपानीच्या दोन-तीन लेव्हल झाल्यात माझ्या) आणि आई रविवारी व्हिडिओ कॉलवर वाचते, तो तिकडे पुस्तक हातात धरून पानं उलटतो.

गेल्या वेळी मोमोतारो आलं, पीचमधून निघालेल्या मुलाची तिकडची जुनी लोककथा. ताईने घाईत आधी फोटोवरून भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपमधून काढून बघितलं, तर आजोबा डोंगरावर चक्क लॉन कापायला गेलेले! होतं काय, छोट्यांची पुस्तकं नुसत्या हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या जपानी अक्षरांत असतात, अर्थ दाखवणारी चिनी अक्षरं म्हणजे कांजी नसतेच, आणि 'शिबा' म्हणजे सरपणाच्या काटक्याही आणि लॉनचं गवतही, कांजीत दोन्ही वेगळे दिसतात पण हिरागानात अगदी सेम. उत्तर चित्रातच होतं, आजोबांच्या पाठीवर मोळी आहे. म्हणून मी आता आधी चित्र नीट बघते आणि मगच अक्षरांकडे वळते. लिहिलं, 'आजोबा गेले डोंगरावर, लाकडं आणायला. आजी गेली नदीवर, धुणं धुवायला.'

खरी अडले ती पुढे. नदीतून मोठ्ठं पीच वाहत येतं, 'दोन्बुराको, दोन्बुराको'. जड वस्तू पाण्यात खाली-वर होत येते ना, त्याचा शब्द आहे हा. नुसतं 'तरंगत आलं' लिहिलं तर अर्थ बरोबर, पण पोराला म्हणायला काहीच उरत नाही. 'डुलत डुलत'मध्ये पाणी नाही, 'हेलकावे खात' आईच्या तोंडी पुस्तकी वाटतं, आणि 'डुबुक डुबुक' म्हटलं की पीच बुडालंच. दोन दिवस तेच डोक्यात. शेवटी आईनेच वाचता वाचता हात खाली-वर केला आणि म्हणाली, 'डुबुक-वर, डुबुक-वर'. तेच ठेवलं.

आणि प्लीज, आधी इंग्लिश करून मग मराठी करू नका. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्याकडेही तसंच, त्यामुळे 'नदीतून एक मोठ्ठं पीच, डुबुक-वर, डुबुक-वर, वाहत आलं' हे जवळजवळ त्याच क्रमाने उतरतं. इंग्लिशमधून आलं की 'आलं' आधीच होऊन जातं आणि मजा मागे राहते. तसंच एका पानाचं वाक्य दुसऱ्या पानावर ढकलायचं नाही, पीच कापल्यावर आत काय आहे ते पान उलटल्यावरच कळायला हवं. उभ्या ओळींची पुस्तकं आपल्या उलट बाजूने उघडतात, एकदा फोटोंचा क्रम उलटा लागला आणि बाळ आधी, पीच नंतर. आता ताई प्रत्येक फोटोवर नंबर टाकते.

मोमोतारोच्या शिदोरीत 'किबिदांगो' असतात, धान्याच्या पिठाचे छोटे गोळे, त्याला मी मराठीत 'लाडू' लिहिलं होतं. आईने 'लाडू' वाचलं आणि भाचा तिथून ओरडला, 'आजी, लाडू नाही, दांगो!' तिकडे बिचारा नेहमी खातो ना. खोडून दांगो केलं.