घाटात डिझेल गाडी चौथ्या गियरला ठेवा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"हॉर्सपॉवर म्हणजे फक्त टॉप स्पीड, खरी ताकद टॉर्कची. डिझेलचा स्फोट पेट्रोलपेक्षा मोठा म्हणून डिझेलला टॉर्क जास्त. डिझेलवाल्यांनी घाटात गियर खाली करू नये, चौथ्यात 1000-1100 आरपीएमवर ठेवावी, टॉर्कवर आपोआप चढते आणि डिझेल वाचतं. हॉर्सपॉवर ब्रोशरपुरती."

हे आमच्या मेहुण्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, खाली तीन जणांचे अंगठे, आणि पुढच्याच रविवारी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन ते कुंभार्ली घाटात हा प्रयोग करत होते. मी मागच्या सीटवर होतो. वळणावर गियर लिव्हर थरथरतोय, गाडी गचके खातेय, आणि मेहुणे म्हणतात, "थांब रे, टॉर्क येईल आता." म्हणून हे लिहितोय.

आधी टॉर्क आणि हॉर्सपॉवरची भानगड. चाकाचा जाम झालेला नट सोडवताना पान्याला पाइप लावून त्यावर उभे राहता ना, तेव्हा टॉर्क भरपूर असतो, पण नट हलत नाही तोवर काम शून्य आणि म्हणून पॉवर पण शून्य. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, आणि तो जोर किती वेगाने फिरतोय ते धरून जे होतं ती पॉवर. हिशोब एका ओळीचा आहे, PS म्हणजे हॉर्सपॉवर, Nm म्हणजे न्यूटन मीटरमधला टॉर्क:

PS = Nm × rpm / 7024

म्हणजे ही दोन वेगळी बक्षिसं नाहीत, एकातून दुसरं निघतं. आणि टॉर्क तर गियरबॉक्स वाढवून देतो, पहिला गियर टाकला की चाकाला इंजिनच्या कितीतरी पट टॉर्क मिळतो. पॉवर मात्र कुठलाच गियर वाढवत नाही, उलट थोडी खातो. त्यामुळे गाडी किती स्पीडने चढ चढेल हे शेवटी पॉवरच ठरवते, टॉप स्पीडचा विषय वेगळा.

मग डिझेल खालच्या आरपीएमला दमदार का वाटतं? वाटतं नाही, असतंच. ह्युंदाई क्रेटाचं ब्रोशर घ्या, कारण तिच्यात दोन्ही इंजिनं 1.5 लिटरची आहेत आणि पॉवर जवळजवळ सारखी. साधं पेट्रोल 115 पीएस 6300 आरपीएमला, टॉर्क 144 न्यूटन मीटर 4500 ला. डिझेल 116 पीएस 4000 ला, टॉर्क 250, तोही 1500 ते 2750 पर्यंत सपाट. आता 1500 आरपीएमचा हिशोब मांडा. डिझेल 250 गुणिले 1500 भागिले 7024, म्हणजे 53 पीएस. पेट्रोलला 1500 ला त्याचा पूर्ण 144 टॉर्क मिळतो असं फुकटात धरलं (मिळत नाही) तरी 31 पीएस. सिग्नलवरून निघताना पाठीला जो धक्का लागतो तो या 53 आणि 31 मधला फरक आहे, म्हणजे हॉर्सपॉवरचाच! ब्रोशर फक्त शिखराचा आकडा छापतं, तिथे दोघं सारखे, खाली उतरलं की सारखे नाहीत, एवढंच.

स्फोट मोठा वगैरे ऐकायला भारी आहे पण किलोमागे डिझेलमधली ऊर्जा पेट्रोलइतकीच, किंचित कमीच. लिटरमागे जास्त भरते कारण डिझेल जड असतं. खरं कारण टर्बो, म्हणजे एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पेट्रोल इंजिनात हवेत पेट्रोल मिसळून दाबतात, कमी आरपीएमला जास्त दाबलं की ते मिश्रण स्पार्कच्या आधी किंवा भलतीकडे पेटून नॉकिंग होतं. डिझेलमध्ये आधी नुसती हवा दाबली जाते आणि डिझेल शेवटी फवारलं जातं, लवकर पेटायला आत काही नसतंच, म्हणून टर्बोने खालच्या आरपीएमलाच बिनधास्त हवा कोंबता येते. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून टॉर्क जास्त. टर्बो काढा आणि बघा, पहिल्या इंडिकाचं बिनटर्बो डिझेल ज्यांनी चालवलंय त्यांना विचारा चढावर काय व्हायचं. आणि उलट्या बाजूने, त्याच क्रेटाचं टर्बो पेट्रोल 1500 पासूनच 253 न्यूटन मीटर देतं. कुठे गेला तुमचा डिझेलचा स्फोट?

आता तो घाटाचा सल्ला, ज्यामुळे डोकं फिरलं.

भरलेली गाडी 1700 किलो धरा, चढ दहाला एक, स्पीड ताशी 36. चढाला, टायरला, हवेला मिळून साधारण 1900 न्यूटन ढकलावं लागतं, गियरबॉक्सचं नुकसान धरून इंजिनाकडून 29 पीएसच्या आसपास हवेत. हे 29 पीएस कुठल्याही गियरला तेवढेच लागणार. चौथ्यात इंजिन अंदाजे 1100 ला असेल, तिथे 29 पीएस काढायला 185 न्यूटन मीटर पाहिजेत. पण 250 चा आकडा सुरू होतो 1500 पासून, 1100 ला टर्बोकडे एग्झॉस्टच पुरेसा नसतो. तरी 185 कसेबसे मिळाले असं समजा, वळणावर स्पीड जरा पडला की आरपीएम पडणार, आरपीएम पडला की टर्बो अजून मेला, टॉर्क अजून कमी, आणि गाडी बसली. अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबून उपयोग नाही, कारण हवाच नाही म्हटल्यावर इंजिनाचा कॉम्प्युटर, ईसीयू, धूर होऊ नये म्हणून डिझेल सोडतच नाही. जुन्या गाड्या अशा वेळी काळा धूर ओकायच्या.

तेच दुसऱ्या गियरला, 2200 आरपीएम, लागणारा टॉर्क फक्त 93. हाताशी 250. ओव्हरटेकला, वळणानंतर उचलायला दीडशेच्या वर शिल्लक. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरतात लोक, आवाज वाढला म्हणजे इंजिन त्रासात आहे असं नाही.

चौथ्यात रेटल्यावर तेच काम निम्म्या स्ट्रोकमध्ये होतं, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकचा दणका दुप्पट, तो जातो फ्लायव्हीलच्या स्प्रिंगना, क्लचला, इंजिन माउंटिंगला. हवा कमी पडून काजळी होते ती बीएस 6 गाडीत डीपीएफ म्हणजे काजळीच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते, आणि मग डीपीएफचा दिवा लागला की "आजकालच्या गाड्यांत दम नाही" म्हणायला मोकळे. माझं ऐकू नका, ह्युंदाईच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये साफ लिहिलंय की गियरच्या मानाने स्पीड कमी पडून गाडी गचके खायला लागली तर खालचा गियर टाका. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणी उघडत नाही.

डिझेल वाचतं हे अर्धं खरं आहे, मान्य. सपाट हायवेला, हलक्या पायाने, वरच्या गियरला कमी आरपीएमवर गाडी खरंच कमी पिते. चढावर नाही, कारण तिथे पाय हलका राहतच नाही.

तर मेहुणे, लिव्हर थरथरला, आवाज घुमा झाला, पाय दाबूनही काटा हलला नाही, की गियर खाली मारायचा, काटा 1800-2000 च्या वर ठेवायचा. आणि उतरतानाही त्याच गियरला उतरायचं, चौथ्यात सोडलीत तर सगळा भार ब्रेकवर येतो. ते फॉरवर्ड ग्रुपवरून डिलीट करा, दादाने पण कालच नवीन डिझेल बुक केलीय.