कच्ची वही, पाच घरं आणि व्हायव्हा

"ताई, प्रॅक्टिकलच्या जर्नलवरच्या तुमच्या पत्राचं शीर्षक 'नीटनेटकं जर्नल' आणि आत सल्ला काय, तर चुकलेलं रीडिंग तसंच ठेव! माझी लेक पहिल्या वर्षाला आहे, रोज ऐरोलीहून ठाण्याला जाते. अशा खाडाखोडीवरून तिचे मार्क कापले तर? आणि व्हायव्हाची तयार उत्तरं का नाही दिलीत?" – एका विद्यार्थिनीची आई

काकू, पत्रातलं माझं वाक्य अपुरं राहिलं, ते आधी पूर्ण करते. खाडाखोड ठेवायची ती टेबलावरच्या कच्च्या वहीत. जर्नलमध्ये मजकूर आणि आकृती स्वच्छच उतरवायच्या, पण मोजलेले आकडे कच्च्या वहीतले जसेच्या तसे. उतरवताना चूक झालीच तर त्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा. व्हाइटनर नको, त्याखाली काय होतं हाच पहिला प्रश्न येतो. आणि बॉलपेन वापरा म्हणावं. जुलैत लोकलमधून उतरून कॉलेजात पोचेपर्यंत जेल पेनने लिहिलेलं पान पसरतं.

आकड्यांबद्दल मी एवढी हट्टी का, ते सांगते. पहिल्या वर्षी तांबड्या पेशींची मोजणी करताना मैत्रिणीचं रक्त घेतलं होतं. ती ठणठणीत, आणि माझं उत्तर आलं घनमिलिमीटरला फक्त 31 लाख! मी घाबरले. कच्चं पान फाडलं आणि जर्नलात मोजणीच्या चेंबरमधल्या पाच घरांसाठी 100, 101, 100, 101, 100 असे आकडे भरले. बेरीज 502, म्हणजे 50.2 लाख. पान अगदी देखणं दिसत होतं. परीक्षेत मॅडमनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "पेशी इतक्या शिस्तीत बसल्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

न्यूबॉअर चेंबर म्हणजे मोजणीसाठी चौकोन आखलेली काच, तिच्यात पेशी विखरून पडतात. एका घरात सरासरी नव्वद असतील तर कुठे ऐंशी, कुठे शंभर हे व्हायचंच. पुढे त्याच मैत्रिणीचं रक्त घेऊन मी पुन्हा मोजणी केली, तेव्हा 92, 81, 99, 88, 92 मिळाले. बेरीज 452. ही पाच घरं म्हणजे 80 बारीक चौकोन, त्यांचं एकूण आकारमान 0.02 घनमिलिमीटर आणि रक्त 200 पट पातळ केलेलं. म्हणून 452 ला 200 ने गुणायचं, 0.02 ने भागायचं. थोडक्यात, बेरजेवर चार शून्यं. 45.2 लाख.

मग आधीचे 31 लाख आले कुठून? पिपेटमध्ये रक्त 0.5 च्या खुणेपर्यंत ओढतात आणि ते पातळ करणारं हायेम्स फ्लुइड 101 पर्यंत. पण रक्त मिसळतं ते फुग्यात, आणि फुगा 1 ते 101 मधला, म्हणजे 100 भागांचा. अर्धा भाग रक्त शंभरात, म्हणून 200 पट. खालच्या कांडीत उरतं ते नुसतं फ्लुइड. चेंबर भरण्याआधी पहिले दोन-तीन थेंब टाकून द्यायचे असतात ते यासाठीच. मी पहिल्याच थेंबाने चेंबर भरलं होतं, त्यामुळे पेशी कमी दिसल्या. तेव्हा 31 लाख तसेच ठेवून खाली कारण लिहिलं असतं, पहिले थेंब टाकून देऊन पुन्हा चेंबर भरून दुसरं रीडिंग लिहिलं असतं, तर मॅडमना त्या पानावर विचारण्यासारखं फारसं उरलं नसतं.

आता व्हायव्हा. तयार उत्तरं मुद्दाम दिली नाहीत, कारण बरेचसे प्रश्न याच पानातून निघतात. "101 पर्यंत भरलं, मग 200 पट कसं?" हे पाठ केलेली मुलगी "फुग्यामुळे" म्हणून थांबते. स्वतः पहिले थेंब टाकून दिलेली मुलगी कांडीचंही सांगते. "रेषेवरच्या पेशींचं काय केलं?" याचं उत्तर तिने मोजताना दिलेलंच असतं: वरच्या आणि डाव्या रेषेला टेकलेल्या मोजल्या, खालच्या आणि उजव्या सोडल्या, नाहीतर एकच पेशी दोन घरांत मोजली जाते.

मला सर्वात आवडणारा प्रश्न वेगळाच आहे. "हायेम्स फ्लुइडमध्ये पांढऱ्या पेशी मरत नाहीत, मग त्या वजा का नाही केल्या?" इथे आपलेच आकडे वापरायचे. पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला 7,000 धरल्या तर चार शून्यं उलटी काढून 0.7 उरतात. म्हणजे 452 मध्ये एखादी असली तर असली. वजा करून उत्तर हलतच नाही. उलट नुसत्या मोजणीच्या योगायोगाने 452 च्या जागी 430 किंवा 470 सहज आले असते, म्हणून उत्तरही 45.2 लाख एवढंच लिहायचं, पुढे आकडे लांबवायचे नाहीत.

लेकीला हा शेवटचा हिशोब तिच्या स्वतःच्या बेरजेवर करून बघायला सांगा. तिची पाच घरांची बेरीज इथे लिहा, काही अडलं तर मी बघते.