पाच फोटो, एक अक्षर नाही

आज सकाळी आमच्या रावेर-यावलच्या केळीवाल्या ग्रुपवर एका भावाने पाच फोटो टाकले, सोबत एक शब्दही नाही. दोन मिनिटांत एका सल्लागाराचं उत्तर आलं: "औषध लागू पडलंय, आणखी एक फवारणी घ्या." तेव्हापासून डोकं तापलंय.

फोटो असे होते. पहिल्यात पिवळ्या रेघांचं झाड, दुसऱ्यात त्या रेघा जवळून, तिसऱ्या-चौथ्यात बुरशीनाशकाची बाटली पुढून आणि मागून, पाचव्यात हिरवंगार झाड. सल्लागाराने वरून खाली वाचलं आणि गोष्ट जुळवली: रोग, औषध, बरं. अरे, तो क्रम गॅलरीत बोट लागलं तसा असतो! व्हॉट्सॲपवर फोटो काढल्याची तारीखही उडते. फाइलच्या नावात IMG-20250812-WA0003 असं दिसतं ती पाठवल्या-आल्याची तारीख, काढल्याची नव्हे.

मग ओळखायचं कसं? आधी झाड एकच का दोन ते पाहा. पहिल्या-दुसऱ्यात पानाची फाटलेली कड तीच आहे, म्हणजे एकच झाड, लांबून आणि जवळून. ते एकत्र वाचायचे. बाटलीच्या दोन बाजू मिळून एकच वस्तू. पाचव्यात ठिबकची नळी खोडाच्या दुसऱ्या बाजूला आहे, झाडच वेगळं. म्हणजे भावाने ते शेजारी ठेवून बघायला दिलंय. क्रम लावायचाच तर केळी स्वतः दिवस मोजते: उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवसाला नवं पान. फवारणी होऊन झाड सुधारलं असतं तर पहिल्या फोटोतला गुंडाळलेला पोगा पाचव्यात उघडलेला दिसला असता. पाचव्यातही पोगा तेवढाच गुंडाळलेला आहे. आणि बाटलीचं सील? शाबूत! फवारलं कधी?

घाईत उत्तर द्यावं लागतं, मान्य. पण इथे चुकीची किंमत मोठी आहे. रेघा खालच्या जुन्या पानांवर नाहीत, पोग्याजवळच्या कोवळ्या पानावर, शिरांना समांतर आहेत. लक्षण करप्याचं नाही, हरण्याचं आहे. तो विषाणू, बुरशीनाशकाने हलत नाही. फवारणीच्या भरवशावर झाड बागेत राहिलं की मावा तो शेजारच्या झाडांवर नेतो.

त्या भावावर मात्र राग नाही. चिखलाने भरलेल्या हाताने माणूस बागेत उभा असतो, टाइप कुठे करणार? फोटो टाकले हेच खूप. विचारायचं काम आपलं, आणि तेही असं की एका शब्दात उत्तर देता येईल. "सविस्तर सांगा" म्हटलं की समोरचा गप्प बसतो.

मी खाली एवढंच लिहिलं: "भाऊ, १ आणि ५ एकच झाड का दोन? बाटली फोडली का?"

उत्तर आलं: "दोन. शेजारचं चांगलं आहे. बाटली मारू का, तेच विचारायचं होतं."

मारू नका भाऊ. ते झाड आजच मुळासकट उपटून बागेबाहेर खोल गाडा, आणि आजूबाजूच्या झाडांचे पोगे रोज पाहा.