पाच वर्षांनी प्रीपेमेंट केलं तर पैसे वाया? शेड्यूल उघडून बघा की

"होम लोनचं सगळं व्याज बँक पहिल्या पाच वर्षांतच काढून घेते. नंतर प्रीपेमेंट करून उपयोग नाही, वर पेनल्टी लागते. भरायचेच असतील तर हप्ता कमी करून घ्या, फायदा तोच."

हे वाचून पाथर्डी फाट्याच्या आमच्या दाजींनी कर्जात भरायला काढलेले 3 लाख परत एफडीत टाकायला घेतले, मग मात्र मी त्यांच्याकडून शेड्यूलचा, म्हणजे प्रत्येक हप्त्यातलं व्याज, मुद्दल आणि शिल्लक कर्ज ओळीओळीने दाखवणाऱ्या तक्त्याचा, स्क्रीनशॉटच मागवला. कर्ज 30 लाख, 8.5 टक्के, 20 वर्षं, हप्ता 26,035.

हप्ता गुणिले 240, त्यातून 30 लाख वजा, एकूण व्याज 32 लाख 48 हजार. आता 60 नंबरची ओळ बघा. भरले 15 लाख 62 हजार आणि मुद्दल फिटलं फक्त 3 लाख 56 हजार. सुरुवातीला व्याजच जास्त जातं, एवढं मान्य. पण तोवर व्याज गेलं 12 लाख 6 हजार, म्हणजे 20 लाख 42 हजार अजून द्यायचेत, मग "सगळं" कुठून आलं?

आता 3 लाख भरा. शिल्लक कर्ज 26 लाख 44 हजारांवरून 23 लाख 44 हजार होतं. शिल्लक कर्जाच्या कॉलममध्ये हाच आकडा खाली शोधत जा, 96 व्या ओळीत जवळपास तोच सापडतो. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मधले 36 हप्ते उडाले. त्या 36 ओळींतल्या फक्त व्याजाच्या कॉलमची बेरीज करा, 6 लाख 39 हजार, ही तुमची बचत. ग्रुपवर एकाने 36 हप्ते गुणून "9 लाख 37 हजार वाचले" म्हणून टाकलं, अरे त्यात तू स्वतः भरलेलं मुद्दल पण आहे ना!

आणि "फायदा तोच" हे तर सगळ्यात महागात पडणारं. मुदत 180 महिनेच ठेवून हप्ता कमी केला तर तो 23,080 च्या आसपास येतो, आणि व्याज वाचतं फक्त 2 लाख 32 हजार. घरखर्चाची ओढाताण असेल तर घ्या कमी करून, पण फायदा सारखा म्हणू नका.

पेनल्टीचं म्हणाल तर फ्लोटिंग रेटच्या होम लोनवर ती घ्यायची नाही असं रिझर्व्ह बँकेने बँकांना 2012 मध्येच सांगितलंय. फिक्स्ड रेट असेल तर अ‍ॅग्रीमेंट वाचा.

फक्त स्क्रीनशॉट कर्ज घेतानाचा असेल आणि मधे रेट बदलला असेल तर हे आकडे चालणार नाहीत, ताजं शेड्यूल काढा. पैसे भरल्यावर पुन्हा एकदा काढा. दाजींच्या पुढच्या हप्त्यात व्याज 18,727 ऐवजी 16,602 दिसायला हवं आणि उरलेले हप्ते 144. तिथे 180 च दिसले तर बँकेने हप्ता कमी केलाय, लगेच लेखी अर्ज देऊन मुदत कमी करून घ्यायची.