पंचतारांकित बायोडेटा

अ‍ॅप डेव्हलपरच्या नोकरीसाठी अर्ज करताय? मग ‘प्ले स्टोअरवर अ‍ॅप प्रकाशित’ ही ओळ सगळ्यात वर, ठळक अक्षरांत टाका. लिंक मात्र देऊ नका. लिंक दिली की गंगापूर रोडवरच्या ऑफिसातले साहेब ती उघडतात.

समजा, तुमचं अ‍ॅप लासलगावचे कांद्याचे भाव दाखवतं. नव्या वैयक्तिक खात्याला गूगल आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यायला लावतं. तिथे आत्या, मावसभाऊ, पंचवटीतले शेजारी असे बाराजण जमवलेले असतातच. अ‍ॅप जाहीर झालं की त्यांच्याकडूनच तारे घ्या. रेटिंग 5.0! सगळे अभिप्राय एकाच दुपारचे आहेत आणि त्यातल्या एकात ‘बाळा, अशीच प्रगती कर’ असं लिहिलंय, हे कोण बघतंय? याउलट हजारो अनोळखी लोकांनी दिलेलं 3.9 असेल आणि प्रत्येक तक्रारीला तुम्ही उत्तर दिलेलं असेल, तर ते दडवा. अशा अ‍ॅपला वापरणारे आहेत असा संशय येतो.

शेवटचं अपडेट 2021 चं असेल तर ‘अ‍ॅप अगदी स्थिर आहे’ म्हणा. जुन्याच अँड्रॉइडसाठी बनवून सोडून दिलेलं अ‍ॅप गूगल नव्या फोनवरच्या नव्या ग्राहकाला दाखवतच नाही. साहेबांचा फोन नवा असला तर शोधून सापडणार नाही, म्हणजे आत्याचा अभिप्रायही वाचला.

प्लॅटफॉर्मच्या रकान्यात अँड्रॉइड, आयओएस, फ्लटर, जे आठवेल ते भरा. ‘बाजार समितीत ज्याच्या-त्याच्या हातात स्वस्तातला अँड्रॉइड दिसला, म्हणून तोच निवडला’ असलं कारण सांगू नका. विचार केल्यासारखं वाटतं.

खरी जपायची गोष्ट म्हणजे रिलीज. ‘दर पंधरवड्याला रिलीज’ एवढं लिहून थांबा. सुट्टीला लिलाव बंद होता, भावाचा रकाना रिकामा आला आणि नवं व्हर्जन उघडताच बंद पडू लागलं, असं तुमच्यासोबत घडलंय? ते अपडेट तुम्ही आधी 5 टक्के लोकांनाच दिलं होतं, प्ले कन्सोलवर क्रॅशचा आकडा चढताना पाहून तिथेच थांबवलं होतं? ज्यांच्या फोनवर ते गेलं होतं त्यांचं अ‍ॅप मागे नेता येत नाही, म्हणून रिकाम्या भावाची दुरुस्ती करून, versionCode वाढवून पुन्हा सोडलं होतं? मग यातलं एक अक्षरही बायोडेटात येऊ देऊ नका. साहेब खुर्ची पुढे ओढून तासभर प्रश्न विचारत बसतील, वर चहाही मागवतील.

त्यापेक्षा छातीठोकपणे सांगा, ‘आमचं अ‍ॅप आजवर एकदाही क्रॅश झालं नाही.’ खोटं बोलल्याचं पापही नाही. मावसभावाने तारे देऊन झाल्यावर संध्याकाळीच ते काढून टाकलं होतं.